एलबी दाबून ठेवा, मग वाय: बटणं बदलू न देणाऱ्या गेममध्ये लेअर कसा चढवायचा

गेमच्या सेटिंग्जमध्ये बटणं बदलायची सोय नसली, तरी आपली अडचण सांगायला दुसरी जागा आहे, ती म्हणजे कंट्रोलर आणि गेम यांच्या मधली. विंडोजवरचे बरेचसे गेम कंट्रोलर थेट वाचत नाहीत. एक्सइनपुट नावाच्या व्यवस्थेला ते दर फ्रेमला विचारतात, 'आत्ता काय काय दाबलेलं आहे?' उत्तरात १६ बिटांचा एक आकडा येतो आणि त्यातला जवळपास प्रत्येक बिट एकेका बटणाचा असतो. ट्रिगर आणि स्टिक यांचे आकडे वेगळे येतात. स्टीम इनपुट किंवा रीवॉस्ड यांसारखी साधनं खऱ्या पॅडचा आकडा स्वतः वाचतात आणि गेमपुढे एक आभासी एक्सबॉक्स पॅड उभा करतात. त्या पॅडवर कोणतं बटण दाबलेलं दिसावं, हे मग आपण ठरवायचं.

एक उदाहरण घेऊ. डी-पॅड वर दाबलं की औषध, उजवीकडे दाबलं की शस्त्र बदलायचं, वाय म्हणजे जोरदार वार आणि एलबी म्हणजे मशाल. चालायचं काम डाव्या स्टिकवर. डी-पॅडही डाव्याच अंगठ्याकडे असल्यामुळे औषध घ्यायचं म्हणजे जागच्या जागी थांबायचं, तेही नेमकं शत्रू अंगावर येत असताना. म्हणून एलबीवर लेअर ठेवू. एलबी दाबलेलं असेपर्यंत वाय म्हणजे डी-पॅड वर आणि बी म्हणजे डी-पॅड उजवीकडे. बाकी कशालाही हात लावायचा नाही. लेअरमध्ये जे लिहिलेलं नाही ते खालच्या मूळ मांडणीतूनच येतं, त्यामुळे स्टिक चालत राहते. स्टीम इनपुटमध्ये यासाठी ॲक्शन लेअर घ्यावा. ॲक्शन सेट घेतला तर सगळी मांडणीच बदलते आणि प्रत्येक बटण नव्याने भरत बसावं लागतं.

आकड्यांत हे असं दिसतं:

```
LB + Y   0x0100 + 0x8000 = 0x8100
DPAD_UP  0x0001
```

पहिली ओळ खऱ्या पॅडची, दुसरी गेमला मिळते ती.

आता मशालीचं काय? एलबी तर लेअरला दिलं. एलबी दाबल्याक्षणी मशाल पेटवली तर प्रत्येक औषधाबरोबर तीही पेटेल. म्हणून मशाल बटण सोडताना पेटवायची, आणि तीही मधे दुसरं काही दाबलं नसेल तरच. इथे एक बारीक खोच आहे. बटण तर सुटलेलं असतं, म्हणजे दाबल्याचा इशारा साधनाला स्वतः तयार करावा लागतो. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर गेम साधारण दर १६.७ मिलिसेकंदांनी विचारतो. इशारा ५ मिलिसेकंदांत संपला तर दोन विचारण्यांच्या मधे तो हरवू शकतो, आणि मशाल कधी पेटते, कधी नाही. इशारा ३५-४० मिलिसेकंद धरून ठेवा, तक्रार थांबते. एलबीवर मशालीऐवजी ढाल असती तर मात्र ही युक्ती निरुपयोगी होती, कारण ढाल दाबल्याक्षणी वर यायला हवी. अशा वेळी लेअरला बॅकसारखं कमी वापराचं बटण द्यावं, किंवा पॅडला मागची बटणं असतील तर त्यांतलं एक.

सगळ्यात फसवा दोष बटणं सोडण्याच्या क्रमात असतो. घाईत एलबी आधी सुटतं आणि वाय अजून दाबलेलंच असतं. लेअर गेला, मूळ मांडणी परत आली, आणि साधनाला दिसतं की वाय दाबलेलं आहे. झालं, औषध पिता पिता तलवार फिरली! दाबताना जो अर्थ होता तोच सुटेपर्यंत धरून ठेवणारं साधन असेल तर हे होत नाही. रीवॉस्डसारखं साधन असेल तर ते कसं वागतं हे पाहायला गेमची गरज नाही. विंडोजमध्ये `joy.cpl` चालवा, समोर येणाऱ्या पॅडच्या यादीतून आभासी पॅडचे गुणधर्म उघडा, एलबी आणि वाय दाबा आणि मुद्दाम एलबी आधी सोडा. डी-पॅडची खूण गेल्यावर ४ नंबरचं बटण उजळलं, तर हा दोष तुमच्या साधनात आहे. उपाय म्हणजे लेअर उतरायला थोडा उशीर ठेवणं, किंवा सरळ वाय आधी सोडायची सवय. मला पहिला जास्त भरवशाचा वाटतो. लढाईत सवयी टिकत नाहीत.

याच यादीत दोन पॅड दिसत असतील तर वेगळीच गडबड होऊ शकते. गेम खरा पॅडही वाचत असेल तर त्याला वाय आणि डी-पॅड दोन्ही मिळतात, आणि औषध व वार दर वेळी एकत्र होतात, मग बटणं कोणत्याही क्रमाने सोडा. तेव्हा हिडहाइडसारख्या साधनाने खरा पॅड गेमपासून लपवायचा.

एक गोष्ट मात्र या मार्गाने सुटत नाही. पडद्यावरच्या सूचना गेमच लिहितो आणि त्याच्या लेखी तुम्ही डी-पॅडच दाबताय. त्यामुळे तो 'डी-पॅड वर दाबा' असंच सांगत राहणार, आणि मनातल्या मनात भाषांतर तुम्हालाच करावं लागणार. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये तर लेअर बसवण्याआधी नियम वाचा. काही ठिकाणी अशी मधली साधनं चालत नाहीत.