मांजराचा लठ्ठपणा : उपास नको, ग्रॅम मोजा

ठाण्याला वसंत विहारमध्ये राहणाऱ्या माझ्या बहिणीचा गुंड्या पाच वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. गेल्या वर्षी त्याचं वजन 6.2 किलो भरलं. बरगड्या हाताला लागेनाशा झाल्या होत्या. मान वळवून पाठ चाटता येईना, म्हणून शेपटीच्या वरच्या केसांच्या गाठी झाल्या होत्या. डॉक्टरांनी त्याच्या अंगकाठीला साजेसं वजन 4.8 किलो सांगितलं. ताईने घरी येताच मला फोन केला, "दोन दिवस उपाशीच ठेवते बघ याला."

मी तिला घाईने थांबवलं, कारण माणसाला सहज झेपणारा उपास लठ्ठ मांजराच्या जिवावर उठू शकतो. खाणं बंद झालं की शरीर साठवलेली चरबी मोकळी करतं आणि ती यकृताकडे धाव घेते. मांजराच्या यकृताला एवढी चरबी एकदम हाताळता येत नाही. ती यकृताच्या पेशींतच साचत जाते आणि काही दिवसांत यकृत निकामी होऊ लागतं. जेवढी चरबी अंगावर जास्त, तेवढा हा धोका मोठा. मांजर मलूल होतं, उलट्या करतं, कानांची आतली त्वचा आणि हिरड्या पिवळ्या दिसू लागतात. पिवळेपणाची वाट पाहू नये. लठ्ठ मांजराने पूर्ण दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, तर डॉक्टरांकडे न्यावं.

म्हणून वजन हळूच उतरायला हवं, आठवड्याला साधारण अर्धा ते एक टक्का. गुंड्याच्या बाबतीत हे 30 ते 60 ग्रॅम. 1.4 किलो उतरवायला सहा ते अकरा महिने लागणार, हे घरातल्यांनी आधीच मनाशी धरलं.

आता खाण्याचा हिशेब. तो सध्याच्या नव्हे, तर हव्या असलेल्या वजनावर करायचा. 4.8 किलोच्या मांजराला नुसतं बसून राहायला दिवसाला सुमारे 227 कॅलरी लागतात. वजन उतरवताना त्याच्या ऐंशी टक्के द्यायच्या, म्हणजे 182. ताईच्या पाकिटावर एका किलोला 3800 कॅलरी असं छापलं होतं, म्हणजे ग्रॅमला 3.8. त्यावरून रोजचं माप ठरलं : 44 ग्रॅम कोरडं खाणं आणि बक्षीस म्हणून 10 ग्रॅम बिनमिठाचं उकडलेलं चिकन. वरचा खाऊ एकूण कॅलरींच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

वाटीने मापू नका. वाटी कधी सपाट भरते, कधी शिगोशीग, आणि 10 ग्रॅमचा फरक म्हणजे 38 कॅलरी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हवा. ताईने आधीचं खाणं मोजलं तेव्हा ते रोज 70 ग्रॅम निघालं आणि वर म्हशीचं दूध होतंच. दूध बंद केलं, पण 70 वरून 44 वर ती एकदम आली नाही. तीन आठवडे घेतले. डॉक्टरांनी वजन कमी करण्यासाठीचं, जास्त प्रथिनांचं खाणं सुचवलं होतं. नेहमीचंच खाणं फार कमी केलं तर जीवनसत्त्वंही कमी पडतात. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत दहा दिवसांत बदललं. नव्या पाकिटावरचा आकडा वेगळा होता, म्हणून ग्रॅम पुन्हा काढले. मधुमेहाचं इन्सुलिन घेणाऱ्या मांजराच्या खाण्यात मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नये, कारण साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

खेळाने फार कॅलरी जळत नाहीत, वजन उतरतं ते मुख्यतः मापामुळे. पण खेळाने स्नायू टिकतात, आणि कंटाळ्यापोटी खाणं मागणं कमी होतं. मांजर धावत राहणारा प्राणी नाही. ते दबा धरतं, झडप घालतं आणि थांबतं. म्हणून काठीला बांधलेलं पीस त्याच्या अंगावर न आणता त्याच्यापासून दूर, सोफ्याआड सरकवायचं आणि शेवटी ते त्याला पकडू द्यायचं. पाच-सात मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, जेवणाच्या जरा आधी. शिकार झाली की जेवण, हा क्रम त्याच्या अंगातच असतो. ठाण्याच्या मे महिन्यात हे पहाटे किंवा रात्री करावं. तोंड उघडून धापा टाकू लागलं तर लगेच थांबावं. खेळून झाल्यावर दोरी कपाटात ठेवावी, कारण गिळलेली दोरी आतड्यांना कापते.

आठ आठवड्यांनी गुंड्या 5.9 किलोवर आला, मग तीन आठवडे काटा हललाच नाही. ताईने माप आणखी घटवायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, आधी शोध घे. तेव्हा कळलं, तिच्या सासूबाई दुपारी प्रेमाने त्याला सुकट देत होत्या, आणि त्यात मीठही असतं. आता सकाळी रोजच्या मापातले 8 ग्रॅम एका डबीत सासूबाईंच्या हाती असतात. छिद्रं पाडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत त्या ते भरतात आणि गुंड्या बाटली ढकलत एकेक दाणा काढतो. काटा पुन्हा खाली सरकू लागलाय, आणि शेपटीवरच्या गाठी त्याने स्वतः चाटून सोडवल्यात.