वर्गातील निनादकाळाचे मापन (टाळी व फुगा पद्धत)

टाळी वाजवून किंवा फुगा फोडून वर्गात आवाज किती वेळ घुमतो, हे ध्वनिमुद्रणावरून काढण्याची पद्धत. नाशिकच्या शाळांत मुले आणि शिक्षक ‘हा वर्ग फार घुमतो’ असे म्हणतात. त्या घुमण्याला शास्त्रात निनाद म्हणतात. तो प्रतिध्वनी नव्हे. स्वतंत्र प्रतिध्वनी ऐकू येण्यासाठी परावर्तित आवाज सुमारे ०.१ सेकंद उशिरा यावा लागतो, म्हणजे भिंत साधारण १७ मीटर दूर हवी. आठ मीटर लांबीच्या वर्गात आवाज समोरच्या भिंतीवर जाऊन ०.०५ सेकंदाच्या आतच परततो. अशी शेकडो परावर्तने एकमेकांवर चढतात आणि त्यांची एकच लांबत जाणारी शेपटी होते. आवाजाची पातळी ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाळ.

या व्याख्येत ‘आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ’ असे कुठेही म्हटलेले नाही. तरी पहिल्यांदा मोजणारा माणूस बहुधा तेच मोजतो. टाळी वाजवायची, घड्याळ दाबायचे, शांत झाले की थांबवायचे. समजा एका वर्गाचा खरा निनादकाळ २.१ सेकंद आहे. टाळी आसपासच्या गोंगाटापेक्षा ४५ डेसिबल वर असेल, तर ती सुमारे १.६ सेकंदांत गोंगाटात बुडेल. तोच वर्ग, तीच टाळी, पण बाहेर मुंबई-आग्रा महामार्गाची वर्दळ वाढली आणि फरक २५ डेसिबलच उरला, तर ती ०.९ सेकंदातच बुडेल. खोली बदलली नाही, उत्तर मात्र जवळजवळ निम्मे झाले. म्हणून शेपटी संपली कधी हे पाहायचे नसते, ती उतरते किती वेगाने हे पाहायचे असते.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबिन यांनी १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात ऑर्गनची नळी, कान आणि घड्याळ यांच्या साहाय्याने निनाद मोजण्याचे काम केले, तेही रात्रीच्या शांततेत. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या गाद्या आणून त्यांनी निनाद कसा घटतो ते पाहिले आणि शोषणाचे मोजमाप उघड्या खिडकीच्या क्षेत्रफळाशी जोडले. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक शोषण. नाशिकच्या वर्गात ही उपमा राहत नाही, रोजचा व्यवहार होतो. त्याकडे पुढे येऊ.

मोजणीसाठी वर्ग रिकामा, पंखे बंद. मोबाइल किंवा रेकॉर्डर बाकावर, भिंतीपासून किमान एक मीटर आणि फुग्यापासून किमान दोन मीटर दूर ठेवतात. फुगे एकाच आकाराचे, टम्म फुगवलेले असावेत. हात लांब करून टाचणीने फोडावेत आणि फोडणाऱ्याने कानात बोळे घालावेत. दोन-तीन जागा बदलून प्रत्येक ठिकाणी तीन वेळा तरी मुद्रण करतात. टाळी सोयीची असली, तरी तिच्यात २५० हर्ट्झच्या खालचा जोर फार कमी असतो. ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यांसाठी, म्हणजे बोलण्याच्या स्पष्टतेसाठी, ती चालते. खालच्या पट्ट्यांसाठी फुगाच लागतो. त्यातही गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत जवळ कुठे नाशिक ढोलाचा सराव चालू असेल, तर खालच्या पट्ट्यांचा नाद सोडलेला बरा. ढोलाचा खर्ज भिंती अडवत नाहीत.

मुद्रण संगणकावर घेऊन पातळी डेसिबलमध्ये दाखवली की उंच टोक, त्यानंतर खाचाखोचांनी भरलेला उतार आणि शेवटी गोंगाटाची सपाट जमीन दिसते. या खाचांतून रेषा ओढणे म्हणजे डोळ्यांचा अंदाज. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांनी १९६५ मध्ये यावर सुटसुटीत उपाय दिला. आवाजाच्या दाबाच्या प्रत्येक आकड्याला त्याच आकड्याने गुणायचे आणि त्या गुणाकारांची शेवटाकडून सुरुवातीकडे बेरीज करत यायची. प्रत्येक क्षणी ‘अजून किती ऊर्जा यायची बाकी आहे’ हे या बेरजेतून मिळते, आणि दातेरी उतार गुळगुळीत होतो. त्या उतारावर सुरुवातीचे ५ डेसिबल सोडतात, कारण तिथे फुग्याकडून थेट आलेल्या आवाजाचा प्रभाव असतो. उणे ५ ते उणे २५ हा भाग सरळ रेषेने जुळवून लागलेल्या वेळाला ३ ने गुणतात. यासाठी सुरुवातीची पातळी गोंगाटापेक्षा किमान ३५ डेसिबल वर हवी.

मागून बेरीज करताना गोंगाटाचा भागही त्यात घेतला, तर वक्र मध्येच आडवा होतो आणि फाइलच्या टोकाशी एकदम कोसळतो. असा गुडघा दिसला की उत्तर वाजवीपेक्षा मोठे येणार हे समजावे आणि उतार जमिनीला टेकतो तिथे मुद्रण कापून पुन्हा बेरीज करावी. मोबाइलचा घोटाळा याच्या उलट असतो. गोंगाट कमी करणारी त्याची यंत्रणा शेपटीलाच गोंगाट समजून छाटते. उतार अर्ध्यावर कड्यासारखा तुटलेला दिसला, तर दोष वर्गाचा नसून मोबाइलचा असतो. ती सोय बंद करता येणारे अ‍ॅप वापरावे. उतारावर समान अंतराने दाते दिसले आणि कानालाही ‘टर्रर्र’ असे ऐकू आले, तर दोन समोरासमोरच्या कोऱ्या भिंतींत आवाज चेंडूसारखा उड्या मारतो आहे. सहा मीटर अंतराच्या भिंतींत हे दाते सुमारे ०.०३५ सेकंदांच्या अंतरावर पडतात. म्हणजे दाते मोजून कोणती भिंत दोषी हेही कळते.

उदाहरणादाखल नाशिकमधला नेहमीचा वर्ग घेऊ. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३.३ मीटर उंच, स्लॅबचे छत, कोटा फरशी, गिलाव्याच्या भिंती आणि लाकडी बाक. घनफळ सुमारे १५८ घनमीटर. खिडक्या बंद असताना १००० हर्ट्झच्या पट्ट्यात उणे ५ डेसिबल ०.१७ सेकंदाला आणि उणे २५ डेसिबल ०.८७ सेकंदाला आले. फरक ०.७०, म्हणून निनादकाळ २.१ सेकंद. सेबिनचे सूत्र T = 0.161 V / A. यात T हा निनादकाळ, V हे घनफळ आणि A हे एकूण शोषण. त्यावरून वर्गाचे शोषण फक्त १२ चौरस मीटर निघते. छतापासून फरशीपर्यंतचा सगळा पृष्ठभाग मिळून १२ चौरस मीटर उघड्या खिडकीइतकाच आवाज गिळतो.

आता सरकत्या खिडक्या उघडून ३ चौरस मीटर मोकळी जागा केली, तर शोषण १५ होते आणि निनादकाळ १.७ वर येतो. पण त्याच खिडक्यांतून रिक्षा आणि हॉर्नही आत येतात. घुमणे थोडे कमी झाले तरी शिक्षकांना ओरडावेच लागते, आणि मोजणीही बिघडते, कारण ३५ डेसिबलची मोकळीक उरत नाही. म्हणून उघड्या खिडक्यांची मोजणी रविवारी पहाटे करावी. मुले बसल्यावर चित्र जास्त बदलते. प्रत्येकी सुमारे ०.३५ चौरस मीटर धरले, तर ४० मुलांचे १४ होतात आणि बंद खिडक्यांतही निनादकाळ एका सेकंदाजवळ येतो. रिकाम्या वर्गाचा आकडा शिकवतानाचा आकडा म्हणून सांगणे ही या कामातली नेहमीची चूक आहे.

अमेरिकेचे वर्गांसाठीचे मानक २८३ घनमीटरपर्यंतच्या रिकाम्या, पण सामान असलेल्या वर्गासाठी ०.६ सेकंद ही मर्यादा घालते. वरच्या वर्गाला तिथे पोहोचायला एकूण ४२ चौरस मीटर शोषण लागेल, म्हणजे आणखी ३०. आवाजाचा ८० टक्के भाग शोषणारी पाटी वापरली, तर ती सुमारे ३८ चौरस मीटर लागते, आणि या वर्गाचे छत आहे ४८ चौरस मीटरचे. मागच्या भिंतीवर चार-दोन तक्ते किंवा पडदे लावून केलेला प्रयोग पुन्हा फुगा फोडल्यावर वक्रात जेमतेम दिसतो, याचे कारण हेच आहे.