सरासरी पाच गुणांची वाढ कशी तपासावी?

आमच्या तालुक्याच्या बसस्थानकासमोर एका शिकवणी वर्गाचा फलक लागला आहे : ‘दोन महिन्यांत गणितात सरासरी ५ गुणांची वाढ.’ किती मुलांच्या आधारे आणि कोणत्या हिशेबाने, हे त्यावर लिहिलेले नाही.

समजा, सहा मुलांना पहिल्या चाचणीत शंभरपैकी ३२, ४१, ४८, ५५, ६३ आणि ७० गुण मिळाले. त्याच क्रमाने दुसऱ्या चाचणीत ३८, ४४, ५७, ५९, ६५ आणि ७६. सरासरी ५१.५ वरून ५६.५ वर गेली. मात्र मुलामुलांतच जवळजवळ चाळीस गुणांचे अंतर असल्यामुळे हे दोन वेगवेगळे गट मानले, तर पाचाची वाढ त्या पसाऱ्यात बुडून जाते आणि तिच्यातील संभाव्य चूक सुमारे १८ गुणांची निघते.

वस्तुतः प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच करायची असते. म्हणून आधी फरक काढावेत : ६, ३, ९, ४, २, ६. त्यांची सरासरी ५ च येते, परंतु हुशार आणि कच्चा हा भेद वजाबाकीतच नाहीसा होतो. या फरकांचे प्रमाण विचलन, म्हणजे ते आपल्या सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप, सुमारे २.५ आहे, त्याला सहाच्या वर्गमुळाने भागल्यास सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती योगायोगाने साधारण किती चुकू शकते याचा अंदाज, जवळपास १.०३ गुण येते. मुले थोडी असल्यामुळे तिला २.५७ ने गुणावे लागते आणि संभाव्य चूक सुमारे २.७ गुणांची निघते. अशा लहान नमुन्यांचे गणित डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यातील विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडले. त्यानुसार खरी सरासरी वाढ साधारण २.३ ते ७.७ गुणांच्या दरम्यान असावी, असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते.

गफलत होते ती जोडी तुटल्यावर. पहिल्या चाचणीत २३ गुण मिळालेली सातवी मुलगी दुसऱ्या चाचणीच्या दिवशी कापूस वेचायला गेली आणि तिचे गुण फक्त पहिल्या सरासरीत राहिले, तर ती सरासरी ४७.४ होते. दुसरी ५६.५ च राहते. वाढ एकदम नऊ गुणांची दिसते, आणि कोणाच्याही ज्ञानात त्यामुळे तिळभर भर पडलेली नसते! तिला दोन्हीकडून वगळावे आणि किती मुले वगळली तेही फलकावर लिहावे.

जोडी पूर्ण असली तरी श्रेय कोणाला द्यायचे, हा प्रश्न उरतोच. केवळ कमी गुणांवरून निवडलेली मुले दुसऱ्यांदा आपोआप थोडी वर सरकतात, कारण पहिल्या दिवशीचा ताप किंवा चुकलेली बस पुन्हा तशीच आड येत नाही. परीक्षेआधी लेखणीची पूजा करणाऱ्यांनाही हाच ‘गुण’ येतो. याच कमी गुणांची, पण शिकवणीला न गेलेली शेजारच्या गावातील मुले त्याच दोन चाचण्यांत चार गुणांनी पुढे सरकली असतील, तर वर्गाच्या वाट्याला अंदाजे एकच गुण राहतो.