शिसे-आम्ल बॅटरीचे सौर चार्जिंग : टप्पे आणि तापमान-भरपाई

शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरावी आणि तरीही तिच्यातील पाणी वायुरूपाने उडून जाऊ नये, यासाठी चार्जिंगचे व्होल्टेज बल्क, अ‍ॅब्सॉर्प्शन आणि फ्लोट अशा तीन टप्प्यांत ठेवण्याची, आणि ते व्होल्टेज बॅटरीच्या तापमानानुसार कमी-जास्त करण्याची पद्धत. सौर यंत्रणेत हे काम चार्ज कंट्रोलर करतो. १२ व्होल्टच्या ट्युब्युलर बॅटरीसाठी अ‍ॅब्सॉर्प्शनचे व्होल्टेज साधारण १४.४ आणि फ्लोटचे साधारण १३.६ धरतात, मात्र हे आकडे २५ अंश सेल्सिअसचे आहेत. मुंबईत गच्चीवर किंवा जिन्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी वर्षाचा बहुतेक काळ त्याहून गरम असते, त्यामुळे या शहरात तापमान-भरपाईचा व्यवहारातला अर्थ जवळजवळ नेहमी 'व्होल्टेज खाली आणणे' असा होतो.

बल्क टप्प्यात पॅनेलकडून येईल तेवढा प्रवाह बॅटरी घेते आणि तिचे व्होल्टेज हळूहळू चढत जाते. विजेवरच्या चार्जरमध्ये या काळात प्रवाह स्थिर असतो. सौर यंत्रणेत तो उन्हावर अवलंबून असल्याने सकाळी अगदी थोडा, तर दुपारी भरपूर असतो. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला पोचले की कंट्रोलर ते तिथेच धरून ठेवतो. हा अ‍ॅब्सॉर्प्शनचा टप्पा होय. या वेळी प्लेटच्या पृष्ठभागाजवळचे शिशाचे सल्फेट बरेचसे परत रूपांतरित झालेले असते, पण आतल्या भागातले शिल्लक असते आणि त्याला वेळच लागतो. तो वेळ जास्त व्होल्टेज देऊन वाचवता येत नाही, कारण प्रत्येक सेल २.४ व्होल्टच्या आसपास गेला की जादा प्रवाह पाण्याचे विघटन करण्यातच खर्च होऊ लागतो. म्हणून व्होल्टेज स्थिर ठेवून प्रवाह आपोआप उतरू दिला जातो.

मुंबईतील एका सोसायटीच्या जिन्यातले दिवे आणि कॅमेरे चालवणारी १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी उदाहरणादाखल घेऊ. तिला प्रत्येकी १६५ वॉटची दोन पॅनेल जोडलेली आहेत. रात्रभरात ६० अँपिअर-तास खर्च झाले आहेत आणि दिवसा त्यावर काही भार नाही. एप्रिलच्या स्वच्छ दिवशी सकाळी आठनंतरच्या चार तासांत सरासरी प्रवाह अनुक्रमे ५, ९, १३ आणि १६ अँपिअर मिळाला, तर दुपारी बारापर्यंत ४३ अँपिअर-तास परत येतात आणि बॅटरी सुमारे ८८ टक्के भरून अ‍ॅब्सॉर्प्शनला पोचते. त्यानंतर प्रवाह १६ वरून उतरत तीन अँपिअरपर्यंत, म्हणजे क्षमतेच्या दोन टक्क्यांपर्यंत, येण्यास तीन तास लागतात व त्यात आणखी सुमारे २४ अँपिअर-तास जातात. एकूण ६७ झाले. काढलेल्या ६० पेक्षा हे साधारण १२ टक्के जास्त आहेत आणि शिसे-आम्ल बॅटरीला एवढे जादा द्यावेच लागते. दुपारी तीननंतर फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी कमी व्होल्टेजवर तशीच भरलेली ठेवण्याचा टप्पा, सुरू होतो तो सूर्यास्तापर्यंतच. विजेवर दिवसरात्र लावलेल्या इन्व्हर्टरमध्ये फ्लोट कित्येक दिवस चालतो; सौर यंत्रणेत मात्र तो दिवसाकाठी जेमतेम तीन-चार तासांचा असतो, आणि म्हणून येथे बॅटरीचे आयुष्य मुख्यतः अ‍ॅब्सॉर्प्शन नीट झाले की नाही यावरच ठरते.

दिवसा भार चालू असेल तर प्रवाहाकडे पाहून निर्णय घेणारा कंट्रोलर फसू शकतो. बॅटरी स्वतः तीन अँपिअर घेत असली आणि कॅमेरे व राउटर मिळून चार अँपिअर ओढत असले, तर कंट्रोलरला सात दिसतात आणि अ‍ॅब्सॉर्प्शन नको तितके लांबते. फक्त बॅटरीत जाणारा प्रवाह मोजण्यासाठी तिच्या तारेवर स्वतंत्र शंट बसवणे हा यावरचा खरा उपाय होय.

तापमान वाढले की बॅटरीतील सर्व अभिक्रिया वेगवान होतात आणि त्याच व्होल्टेजला वायू अधिक सुटतो. दर दहा अंशांना फ्लोटचा प्रवाह साधारण दुप्पट होतो. म्हणून दर अंशाला प्रत्येक सेलमागे तीन ते पाच मिलिव्होल्ट कमी करतात. चार मिलिव्होल्ट धरले तर सहा सेलच्या बॅटरीला दर अंशाला २४ मिलिव्होल्ट होतात. उत्पादकाने हा आकडा दिला असेल तर तोच घ्यावा, आणि त्यासोबत तो कोणत्या मूळ तापमानाचा आहे हेही पाहावे, कारण कोणी २०, कोणी २५, तर कोणी २७ अंश धरतो.

वरील बॅटरी मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ४३ अंशांवर गेली, तर फरक १८ अंशांचा होतो आणि अ‍ॅब्सॉर्प्शन १४.४ वरून सुमारे १३.९७ वर, फ्लोट १३.६ वरून १३.१७ वर यायला हवा. हे आकडे पाहून अनेकांना बॅटरी अर्धवट भरते असे वाटते, पण आम्लाचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ग्रॅव्हिटी, १.२४० असलेल्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचे विश्रांतीचे व्होल्टेज सुमारे १२.५ असते, त्यामुळे १३.१७ ला ती भरलेलीच राहते. उलट जानेवारीच्या पहाटे बॅटरी २० अंशांवर असली तरी वाढ फक्त ०.१२ व्होल्टची होते.

भरपाई नसेल तर उन्हाळ्यात पाण्याचे तरंगते दर्शक लवकर खाली जातात, दर थोड्या आठवड्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते आणि धन प्लेटची जाळी झिजते. सीलबंद बॅटरीत पाणी घालताच येत नाही. तिच्यात उष्णतेने प्रवाह वाढतो, वाढलेल्या प्रवाहाने उष्णता आणखी वाढते, आणि शेवटी कवच फुगते.

याहून फसवी चूक सेन्सरच्या जागेची आहे. अनेक स्वस्त कंट्रोलरमध्ये तापमानाचा सेन्सर त्यांच्या पेटीतच असतो. पेटी उन्हात तापून ५५ अंशांवर गेली आणि बॅटरी खाली जिन्यात ३२ अंशांवर असली, तर कंट्रोलर १४.४ मधून ०.७२ वजा करून १३.६८ व्होल्टच देतो, प्रत्यक्षात १४.२३ हवे असताना. पडद्यावर FLOAT दिसते, पण ग्रॅव्हिटी १.२१० च्या पुढे सरकत नाही आणि काही महिन्यांत प्लेटवर कठीण सल्फेट बसते. सेन्सर बॅटरीच्या कुशीला, मध्यावर, चिकटवलेला असावा. एवढ्या वजनाची बॅटरी हवेपेक्षा कित्येक तास मागे राहून तापते व थंड होते, त्यामुळे खोलीचे तापमान मोजून काम भागत नाही.

पावसाळ्यात अडचण उलट दिशेची असते. सलग ढगाळ दिवसांत बॅटरी अ‍ॅब्सॉर्प्शनपर्यंत पोचतच नाही, वायू सुटत नसल्याने आम्ल ढवळले जात नाही आणि जड आम्ल तळाशी साठते. अशा वेळी रात्रीचा भार कमी करणे किंवा आठवड्यातून एकदा विजेवरच्या चार्जरने पूर्ण भरणे हाच मार्ग उरतो. भरपाईचे गणित कितीही अचूक असले तरी ते पुरेसे होत नाही.

यंत्रणा तपासायची असल्यास स्वच्छ उन्हाच्या दुपारी कंट्रोलर अ‍ॅब्सॉर्प्शनमध्ये असताना व्होल्टेज बॅटरीच्या टर्मिनलवर मोजावे, कंट्रोलरवर नव्हे, कारण तारेत काही दशांश व्होल्ट हरवतात. त्याच वेळी मधल्या सेलमधील आम्लाचे तापमान थर्मामीटरने घ्यावे आणि वरील रीतीने अपेक्षित आकडा काढावा. दोन्हींत ०.१५ व्होल्टपेक्षा अधिक अंतर निघाले, तर आधी सेन्सर, नंतर तारेची जाडी आणि शेवटी कंट्रोलरमध्ये निवडलेला बॅटरीचा प्रकार पाहावा.