कवटीचं टेबल आणि जेवणाचं टेबल : डच स्थिरचित्रं वाचताना होणारा घोळ

सतराव्या शतकातलं एखादं डच स्थिरचित्र, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र, कुणी समाजमाध्यमावर टाकलं की खालचा मजकूर न वाचताच सांगता येतो. सोललेलं लिंबू म्हणजे दिसायला देखणं आणि चवीला आंबट आयुष्य. आडवा पडलेला पेला म्हणजे मृत्यू. कालवं म्हणजे वासना, घड्याळ म्हणजे सरणारा काळ. या हिशेबाने ही चित्रं जिथे रंगवली गेली त्या डच शहरात, हार्लेममध्ये, कुणी सुखाने जेवतच नव्हतं. टेबलावर काहीही मांडा, तेराव्याचंच जेवण! हा घोळ होतो याचं कारण साधं आहे. दोन वेगळ्या जातींची चित्रं एकाच यादीवरून वाचली जातात.

पहिली जात व्हॅनिटासची, म्हणजे आयुष्य क्षणभंगुर आहे हे बजावणाऱ्या चित्रांची. ती बहुतेकांच्या ओळखीची असते, म्हणून थोडक्यात. कवटी, वाळूचं घड्याळ, साबणाचा फुगा, विझलेला दिवा. मागे बायबलच्या उपदेशक पुस्तकातलं ‘सारं व्यर्थ’ हे वचन. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं जाक द गेन या चित्रकाराचं 1603 सालचं चित्र हे या जातीचं सर्वांत जुनं स्वतंत्र स्थिरचित्र मानलं जातं. त्यावर ‘HUMANA VANA’ अशी अक्षरंच कोरलेली दाखवली आहेत, त्यामुळे वाद घालायला जागा नाही. (त्यात ट्यूलिपचं फूल आहे आणि कुणीतरी हमखास ते ट्यूलिपच्या कंदांवर डच लोकांनी खेळलेल्या सट्ट्याशी जोडतं. सट्टा कोसळला 1637 च्या फेब्रुवारीत, चित्रानंतर चौतीस वर्षांनी.)

दुसरी जात मांडलेल्या टेबलाची : पाव, कालवं, लिंबू, कथिलाच्या ताटल्या, वाइनचा पेला. 1620 ते 1640 च्या दरम्यान हार्लेममध्ये पीटर क्लास आणि विलेम हेडा या चित्रकारांनी ही चित्रं करड्या-तपकिरी, दबक्या रंगांत रंगवून नावारूपाला आणली.

अडचण अशी की क्लासने दोन्ही जाती रंगवल्या आणि दोन्हींत तेच सामान वापरलं. त्यातला मुख्य नग म्हणजे रोमर : फुगीर तोंडाचा, हिरवट काचेचा वाइनचा पेला, ज्याच्या जाड दांड्यावर काचेचे खडबडीत गोळे चिकटवलेले असतात. लोक हाताने जेवायचे. तुपकट बोटांतून पेला निसटू नये म्हणून हे गोळे. असा पेला समोर आला की ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न लगेच विचारू नये. आधी विचारायचं ते असं : ही वस्तू कुठल्या अवस्थेत आहे, आणि जेवणारा माणूस ती अवस्था समजावून देऊ शकतो का?

क्लासचीच दोन चित्रं शेजारी ठेवून पाहू. दोन्ही लहान लाकडी फळ्यांवरची, साधारण 25 बाय 36 सेंटिमीटर. पहिलं 1627 चं, हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयातलं : पेटलेली मेणबत्ती, पुस्तकं, वाइन असलेला उभा रोमर, आणि मेणबत्तीच्या वातीची कातर. ही कातर पाहून ‘आयुष्याची वात कापणारी नियती’ असं लिहिणारे भेटतात. प्रत्यक्षात त्या काळच्या मेणबत्तीची वात आपोआप जळून जात नसे. जळकं टोक वाढत जाई, ज्योत धुरकट होई आणि मेण ओघळे. टोक खुडलं की ज्योत पुन्हा स्वच्छ. म्हणजे ही कातर दिवा नीट जळत राहावा म्हणून असते. रात्री वाचत बसलेला माणूस या चित्रातल्या प्रत्येक वस्तूची जागा सांगू शकतो. याला सरसकट व्हॅनिटास म्हणणारेही आहेत, पण मला ते पटत नाही. या चित्रातली खरी कसरत उजेडाची आहे : एकच ज्योत काचेवर, धातूवर आणि कागदावर कशी वेगवेगळी पडते ते पाहावं.

दुसरं 1628 चं, मेट्रोपॉलिटनमधलं. इथेही पेला आहे, पण रिकामा आणि कलंडलेला. दिवा आहे, पण वात विझत आलेली. पिसाची लेखणी आहे, पण लिहिणारा हात नाही. पुस्तकं आणि कागद आहेत आणि त्यांवर दात पडलेली कवटी. वाचणारा माणूस रिकामा पेला समजावून देईल, विझता दिवाही देईल. कवटी मात्र त्याला समजावता येणार नाही, आणि ती एकदा तिथे आली की बाकीच्या वस्तूंना दुसरं काही बोलायची मुभा राहत नाही. पिणं, उजेड, लिहिणं या तीन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी थांबलेल्या आहेत. माझ्या लेखी कसोटी हीच : घरात जिचं काहीच काम नाही अशी निदान एक वस्तू, आणि तिच्या जोडीला वेगवेगळ्या कामांच्या दोन-तीन वस्तू एकसारख्या थांबलेल्या. नुसता पेला कलंडला म्हणून चित्र व्हॅनिटास होत नाही.

कारण पेला कलंडवण्यामागे चित्रकाराची स्वतःची गरज असते. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये हेडाचं 1635 चं सोनेरी चषकाचं चित्र आहे, 88 बाय 113 सेंटिमीटरचं. त्यात चांदीचं उथळ पात्र आडवं पडलंय. ते उभं असतं तर दिसली असती फक्त कड; आडवं केल्यावर त्याची घडणावळ आणि चांदीवरची चमक दोन्ही रंगवता येतात. लिंबाचंही तसंच. त्याचा रस कालवांवर पिळायचा असतो. शिवाय करड्या चित्रात पिवळा रंग आणायला तेच हाताशी असतं, आणि कडेवरून लोंबणारी साल हे हातखंडा कसब दाखवायचं हुकमी ठिकाण. टेबलाच्या कडेबाहेर आलेली सुरीची मूठ सपाट चित्राला खोलपणा देण्यासाठी असते. तिच्यात विश्वासघात शोधू नये.

घड्याळाबाबत जरा सावध राहावं, कारण ते दोन्हीकडे चालतं. खिशातलं घड्याळ महागडं, मिरवायची वस्तू. त्यामुळे श्रीमंती टेबलावर ते असण्यात नवल नाही. शेजारी रिबिनीला बांधलेली असते ती त्याची किल्ली. रोजच्या रोज किल्ली दिली नाही तर ते बंद पडे. त्या काळच्या बहुतेक खिशातल्या घड्याळांना तासकाटाच असे, तेव्हा ‘शेवटचं मिनिट दाखवणारा काटा’ वगैरे वाचलं की पुढे वाचू नये. घड्याळ संयमाचं, बेताने वागण्याचंही चिन्ह मानलं जाई. म्हणून एकट्या घड्याळावरून निकाल देता येत नाही. शेजारी काय आहे ते पाहावंच लागतं.

काही चित्रं मुद्दाम दोन्ही डगरींवर पाय ठेवतात. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं हेडाचं ‘मिन्स पाय’ या भाजलेल्या पदार्थाचं चित्र, तेही 1635 चंच. जेवण झालेलं, पात्रं कलंडलेली, मेणबत्ती विझवलेली. थांबलेल्या वस्तू आहेत, पण कवटी नाही, आणि उठून गेलेला पाहुणा यातलं सगळं समजावून देऊ शकतो. अशा वेळी ‘मेजवानी आटोपली आहे’ एवढं निश्चित म्हणता येतं. त्यात मृत्यू वाचायला हरकत नाही, पण तो आपण वाचतोय, हेडाने लिहून ठेवलेला नाही. द गेनने मात्र लिहून ठेवला होता, अक्षरशः दगडात.