तीनदा वाचलं म्हणून ± ०.०१? रीडिंगचा फरक वेगळा आणि कॅलिब्रेशनचा प्लस-मायनस वेगळा

काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेतल्या बोअरचं पाणी आमच्याकडे लोह तपासायला आलं होतं. बागवाले काका स्वतः नागपूरला कॅन घेऊन आले, म्हणे बादलीत घेतलं की स्वच्छ दिसतं अन् संध्याकाळपर्यंत पिवळं पडतं. हे लोहाचंच लक्षण. पाण्यात विरघळलेलं फेरस हवा लागली की फेरिक होऊन खाली बसतं. लॅबमधल्या नवीन मुलीनं टेस्ट लावली आणि रिपोर्टचा कच्चा कागद माझ्यापुढे ठेवला: लोह १.०३ ± ०.०१ मिग्रॅ/लि. आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी लोहाची मर्यादा २०१५ च्या दुरुस्तीनंतर १.० आहे, म्हणजे या कागदानुसार पाणी मर्यादेबाहेर, विषय संपला.

मी विचारलं, हा ०.०१ कुठून आला गं? तर म्हणे, "मॅडम, क्युव्हेट तीनदा वाचली ना, त्याचा एसडी काढला."

इथेच गाडी अडकते, आणि तिची एकटीची नाही, चांगले अनुभवी लोकंही हेच करतात. तीनदा वाचल्यावर आकडे किती हलले तो एक प्लस-मायनस, आणि स्टँडर्डच्या रेषेवरून उत्तर काढताना त्या उत्तरात किती ढिलेपणा आला तो दुसरा प्लस-मायनस. दोन्हीचं युनिट सारखं, दोन्ही रिपोर्टमध्ये एकाच जागी बसतात, म्हणून गोंधळ होतो.

आधी टेस्ट काय होती ते सांगते. फेनॅन्थ्रोलिनची पद्धत. मोहर्स सॉल्ट ०.७०२ ग्रॅम, थोडं सल्फ्युरिक ॲसिड घालून एक लिटरला, हा झाला १०० मिग्रॅ/लिचा स्टॉक. त्यातून १, २, ३, ४, ५ मिली पिपेटनं काढून १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये, म्हणजे १ ते ५ मिग्रॅ/लिचे स्टँडर्ड, सोबत एक ब्लँक. मग स्टँडर्ड असो की सॅम्पल, प्रत्येकाचं ५० मिली घ्यायचं, ॲसिड टाकून थोडं उकळायचं, हायड्रॉक्सिलअमीननं सगळं लोह फेरस करायचं, ॲसिटेट बफर, फेनॅन्थ्रोलिन, १०० मिलीपर्यंत पाणी, रंग पूर्ण यायला पंधरा मिनिटं, आणि ५१० नॅनोमीटरला २ सेमीच्या क्युव्हेटमध्ये वाचायचं. दोघांना एकच वागणूक, त्यामुळे डायल्यूशन फॅक्टर वेगळा लावायची भानगड नाही. वेगळं पातळ केलं असतं तर उत्तराला जो फॅक्टर लागतो तोच प्लस-मायनसलाही लावावा लागतो, हे मात्र पुष्कळदा राहून जातं.

त्या दिवशीचे आकडे, पहिला कॉलम मिग्रॅ/लि, दुसरा ॲब्सॉर्बन्स:

```
0   0.004
1   0.199
2   0.405
3   0.592
4   0.798
5   0.988
```

एक्सेलमध्ये रेषा बसवली तर स्लोप ०.१९७३, इंटरसेप्ट ०.००४५, आणि आर स्क्वेअर ०.९९९९. बघून मन प्रसन्न होतं. सॅम्पलची क्युव्हेट ०.२०७, ०.२०८, ०.२०९ वाचली, सरासरी ०.२०८. त्यातून इंटरसेप्ट वजा करून स्लोपनं भागलं की १.०३. इथपर्यंत मुलीचं काहीच चुकलं नव्हतं.

आता तिचा प्लस-मायनस. तीन रीडिंगचा एसडी ०.००१, स्लोपनं भागलं की ०.००५ मिग्रॅ/लि, त्याला तीनच्या वर्गमुळानं भागून दोन डिग्री ऑफ फ्रीडमचा टी म्हणजे ४.३ नं गुणलं की ०.०१३. हिशोब बरोबर आहे, पण तो सांगतो काय? तीच क्युव्हेट, त्यात तेच पाणी, तीच जागा, बटण तीनदा दाबलं. म्हणजे लॅम्प आणि डिटेक्टर त्या अर्ध्या मिनिटात किती हलले एवढंच कळलं. पिपेट चुकलं का, फ्लास्क खुणेच्या वर गेला का, रंग पूर्ण आला का, यातलं काहीच त्या तीन आकड्यांना माहीत नाही, कारण ते सगळं आधीच घडून गेलेलं असतं.

ते सगळं दिसतं स्टँडर्डमध्ये. रेषेपासून प्रत्येक बिंदू किती दूर पडला ते बघा. २ मिग्रॅचा स्टँडर्ड रेषेच्या ०.००६ वर आहे. आकडा बारीक वाटतो पण स्लोपनं भागला की ०.०३ मिग्रॅ/लि होतो, आणि १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये एवढा फरक पडायला स्टॉक फक्त ०.०३ मिली जास्त जावा लागतो. पिपेटच्या टोकावरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो. म्हणजे एका थेंबापेक्षाही कमी! टोक फ्लास्कच्या काठाला टेकवलं की नाही एवढ्यावरून हा खेळ होतो.

सहाही बिंदूंचे असे फरक एकत्र करून जो आकडा निघतो त्याला रेसिड्युअल स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात, एक्सेलमध्ये STEYX. आमचा आला ०.००४७. क्युव्हेटच्या ०.००१ च्या जवळपास पाचपट. आर स्क्वेअर ०.९९९९ असूनही! कारण आर स्क्वेअर हा फरक ० ते ५ च्या पूर्ण पसाऱ्याशी तुलना करून सांगतो, आणि आपलं सॅम्पल तर तिथं एका कोपऱ्यात, १ च्या आसपास बसलंय. मला विचाराल तर रिपोर्टवर आर स्क्वेअर मिरवण्यापेक्षा हा STEYX लिहावा, निदान तो थेट ॲब्सॉर्बन्समध्ये तरी असतो.

आता दुसरा, म्हणजे खरा प्लस-मायनस. डिग्री ऑफ फ्रीडम चार, कारण सहा बिंदूंतून स्लोप आणि इंटरसेप्ट असे दोन आकडे काढून घेतले.

```
b   =SLOPE(B2:B7,A2:A7)
s   =STEYX(B2:B7,A2:A7)
Sxx =DEVSQ(A2:A7)
t   =T.INV.2T(0.05,4)

sx = (s/b)*sqrt(1/m + 1/n + (y0-ybar)^2/(b^2*Sxx))
limits = x0 ± t*sx
```

n म्हणजे स्टँडर्डचे बिंदू, सहा. x0 रेषेवरून निघालेलं उत्तर, y0 सॅम्पलचं सरासरी ॲब्सॉर्बन्स, ybar स्टँडर्डचं सरासरी, आमचं ०.४९८. वर्गमुळाच्या आतली शेवटची टर्म सांगते की सॅम्पल रेषेच्या मध्यापासून जितकं लांब तितका ढिलेपणा जास्त, रेषा मधे घट्ट धरलेली आणि टोकांना हलणारी असते, म्हणून.

सगळ्यात घोळ m मध्ये होतो. m म्हणजे सॅम्पलची रिपीट, पण कुठली रिपीट? फॉर्म्युल्यात s आलाय स्टँडर्डमधून आणि त्यात पिपेट, फ्लास्क, रंग सगळ्यांचा फरक आहे, म्हणून m मध्ये तेच मोजायचं जे त्या सगळ्या प्रवासातून वेगवेगळं गेलंय. एकाच फ्लास्कचं पाणी तीनदा वाचलं तर m तीन नाही, एक. ती मुलगी म्हणे, मग तीनदा वाचायचंच काऊन? वाचायचं, पण मशीन स्थिर आहे का बघायला. पहिलं ०.२०७ आणि तिसरं ०.२३० आलं तर क्युव्हेटवर बोटाचा ठसा असेल, बुडबुडा असेल, नाहीतर पावसाळ्यात फ्रिजमधलं सॅम्पल तसंच ओतल्यावर बाहेरून धुकं धरतं ते असेल.

तर m = १ घेऊन s/b म्हणजे ०.०२४, वर्गमुळाची किंमत १.१४, टी २.७७६, गुणाकार ०.०८. म्हणजे उत्तर १.०३ ± ०.०८, ०.९५ पासून १.११ पर्यंत कुठेही. तेच पाणी, तेच मशीन, तेच तीन आकडे, आणि "मर्यादेबाहेर आहे" वरून आपण "सांगता येत नाही" वर आलो.

कॅनमध्ये पाणी होतं म्हणून त्याच दुपारी तिला ५०-५० मिलीचे तीन वेगळे भाग घेऊन पहिल्यापासून रंग आणायला लावला. आले ०.२०३, ०.२१० आणि ०.२०८. यांचा एसडी ०.००३६. बघा, आता हा आकडा क्युव्हेटच्या ०.००१ शी जुळत नाही, स्टँडर्डच्या ०.००४७ शी जुळतो. तीन आकड्यांच्या एसडीवर फार भरवसा ठेवू नये, पण तिच्या डोक्यात प्रकाश पडायला तेवढं पुरलं. सरासरी ०.२०७, पुन्हा १.०३ च, आता m खरंच तीन, आणि प्लस-मायनस ०.०५. म्हणजे ०.९८ ते १.०८.

यापुढे सॅम्पलचे भाग वाढवून फार हाती लागत नाही, सहा केले तरी ०.०५ चा जेमतेम ०.०४५ होतो, कारण बाकीच्या दोन टर्म सॅम्पलला जुमानत नाहीत, त्या रेषेच्या आहेत. त्यापेक्षा प्रत्येक स्टँडर्ड दोनदा, वेगवेगळा बनवा. बारा बिंदू झाले की टी २.७७६ वरून २.२२८ वर उतरतो आणि प्लस-मायनस ०.०४ च्या खाली जातो, अर्थात s तेवढाच राहिला तर. सॅम्पल १ च्या जवळच येणार हे माहीत असेल तर ५ पर्यंत जायची गरजही नाही, ० ते २ ची रेषा घ्यावी.

हा फॉर्म्युला चालायला रेषा खरंच सरळ पाहिजे आणि खालच्या-वरच्या स्टँडर्डचा फरक साधारण सारखा पाहिजे. त्यासाठी रेसिड्युअलची चिन्हं ओळीनं वाचा. आमची वजा, वजा, अधिक, वजा, अधिक, वजा, म्हणजे विखुरलेली. टोकांना वजा आणि मधे सलग अधिक दिसलं तर रेषा वाकतेय, वरचा स्टँडर्ड काढून परत बसवा. खाली बारीक आणि वर जाताना फरक फुगत गेला तर साधी रेषा खालच्या सॅम्पलला उगाच मोठा प्लस-मायनस देते, तिथं वेटेड फिट लागतो.

आणि दोन्ही प्लस-मायनसना न दिसणारी एक गोष्ट राहिलीच. मोहर्स सॉल्ट जुनं असेल, वजन चुकलं असेल, तर सगळे स्टँडर्ड सारखेच चुकतात आणि रेषा सुंदरच येते. तसंच काकांचा कॅन. ॲसिड न टाकता आणलेला, वाटेत लोह पिवळं होऊन तळाशी बसलेलं, आणि मुलीनं वरचं नितळ पाणी ओतून घेतलं असेल तर? विचारलं तर तिनं हलवून घेतलं होतं म्हणे, पण कॅनच्या भिंतीला चिकटलेलं हलवून निघत नाही.

शेवटी कागदावर गेलं: लोह १.०३ ± ०.०५ मिग्रॅ/लि, ९५% कॉन्फिडन्स, सहा बिंदूंचं कॅलिब्रेशन, सॅम्पलचे तीन वेगळे भाग, मर्यादा १.० या पट्ट्यात येते. सॅम्पल ॲसिड न घालता मिळालं. काका म्हणाले, "म्हंजे जास्त हाये का नाही, ते सांगा ना बाप्पा." बारा बिंदूंची रेषा घेतली असती तरी खालचं टोक ०.९९ लाच आलं असतं, म्हणून तो खटाटोप केला नाही. त्यांना ॲसिड घातलेली बाटली दिली आणि सांगितलं, पंप दहा मिनिटं चालू द्या, मग हिच्यात थेट भरा, आणि बाटली आधी धुवू नका.