वेतन-वाटाघाट, नियुक्तीपूर्व

नोकरीचा प्रस्ताव हातात आल्यानंतर आणि तो स्वीकारण्यापूर्वी उमेदवाराने सुरुवातीच्या पगारात वाढ मागण्याची प्रथा. ही नोंद भारतातील खाजगी कंपन्यांपुरती, त्यातही मुंबई-पुण्याकडील माहिती-तंत्रज्ञान आणि सेवाक्षेत्रापुरती आहे. सरकारी वेतनश्रेणीत व कॅम्पस भरतीत आकडा बहुतांशी आधीच ठरलेला असल्याने तेथे वाटाघाटीला फारसा वाव नसतो. कर्मचाऱ्यावरील कंपनीच्या एकूण वार्षिक खर्चाचा म्हणजे ‘सीटीसी’चा आकडा सांगण्याची रीत उदारीकरणानंतरच्या काळात रुळली असावी.

मागणी केल्याने प्रस्ताव जातो का, हा या विषयातील खरा वादाचा मुद्दा. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 7 नुसार स्वीकृती निरपवाद व बिनशर्त असावी लागते; कलम 5 नुसार स्वीकृती पूर्ण होण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो. हाइड विरुद्ध रेंच (1840) या इंग्लिश निवाड्यात 1,000 पौंडांना देऊ केलेल्या शेतावर 950 पौंडांचा उलट प्रस्ताव देणाऱ्याला पुढे मूळ किंमत मान्य करूनही शेत मिळाले नाही, कारण उलट प्रस्तावाने मूळ प्रस्ताव संपला होता. स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन (1880) मध्ये मात्र लोखंडाच्या खरेदीदाराने तारेने केलेली मुदतीची विचारणा ही केवळ चौकशी ठरली आणि प्रस्ताव जिवंत राहिला. नोकरीच्या व्यवहारात हे प्रकरण कोर्टात क्वचितच जाते. पण भाषेचा धडा दुसऱ्या निवाड्यातून घेणे अधिक सुरक्षित दिसते. ‘13 लाख दिले तरच रुजू होईन’ हा उलट प्रस्ताव झाला. ‘निश्चित वेतन वाढवण्यास वाव आहे का?’ ही चौकशी.

मागण्यापूर्वी कंपनीने सांगितलेला आकडा सोडवावा लागतो. समजा सीटीसी 12,00,000 आहे. त्यात कामगिरीनुसार बदलणारा भाग म्हणजे व्हेरिएबल 1,20,000 आणि मूळ वेतन निम्मे, म्हणजे 6,00,000. मूळ वेतनाच्या 12 टक्क्यांप्रमाणे कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा 72,000 आणि 4.81 टक्क्यांप्रमाणे ग्रॅच्युइटी 28,860. व्हेरिएबल, कंपनीचा पीएफ वाटा व ग्रॅच्युइटी वजा जाता दरमहा 81,595 उरतात. त्यातून स्वतःचा पीएफ 6,000 व व्यवसायकर 200 गेल्यावर, आयकर धरण्यापूर्वी, 75,395 हातात येतात. ग्रॅच्युइटी साधारणतः पाच वर्षे सेवा झाल्यावरच मिळते, आणि व्हेरिएबल पूर्ण मिळेलच असे नाही. म्हणून मागणी सीटीसीवर न करता निश्चित भागावर, म्हणजे व्हेरिएबल वगळून उरणाऱ्या 10,80,000 वर, करावी. याच रचनेत निश्चित भाग 80,000 ने वाढला, तर हातात दरमहा सुमारे 5,700 वाढतात.

मागणी कधी करावी याबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते लेखी पत्र येईपर्यंत थांबावे, कारण तोंडी आकडा बदलू शकतो. पण पत्र निघाल्यावर बदलासाठी एचआरला वित्त विभागाची मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. तेव्हा निवड कळल्यावर पण पत्र निघण्यापूर्वी फोनवर बोलणे आणि लगेच मेल टाकणे सोयीचे. मेल असा: ‘निवडीबद्दल आभार, रुजू होण्यास मी उत्सुक आहे. या कामाचा चार वर्षांचा अनुभव लक्षात घेता निश्चित वेतन 10.8 लाखांवरून 11.6 लाखांवर नेण्यास वाव आहे का? सुधारित आकड्याचे पत्र मिळताच होकार कळवीन.’ एकच आकडा आणि एकच कारण. घराचा हप्ता हे कारण चालत नाही, कारण एचआर तो मुद्दा मंजुरीच्या टिपणीत लिहू शकत नाही.

‘बँड संपला’, म्हणजे त्या पदाची पगारमर्यादा गाठली, असे उत्तर आले, तर पगार वाढण्याची शक्यता कमी. मग जॉइनिंग बोनस, नोटीस पिरियडचा बायआउट, म्हणजे तो पूर्ण न करण्याची भरपाई नव्या कंपनीने देणे, किंवा व्हेरिएबलचा काही भाग निश्चितात वळवणे मागता येते. बोनस एकदाच मिळतो आणि पुढील वाढीच्या हिशोबात धरला जात नाही. शिवाय वर्षाच्या आत सोडल्यास परत करण्याची अट बहुधा असते, ती वाचावी.

प्रस्ताव हातचा जातो तो मागणीपेक्षा इतर कारणांनी. मान्य केलेला आकडा पुन्हा उघडणे हे त्यातले पहिले. दुसऱ्या कंपनीची खोटी ऑफर सांगितली, तर तिची प्रत मागितली जाते. सध्याचा पगार फुगवला, तर पार्श्वभूमी-पडताळणीत पगारपावत्या, बँक खाते किंवा पीएफचे पासबुक यांतून तफावत दिसते, आणि मग रुजू झाल्यावरही नोकरी जाऊ शकते. फोनवर मिळालेल्या होकारावर राजीनामा देणे ही त्याहून महाग चूक, कारण पत्रात जुनाच आकडा आला तर मागे फिरायला जागा उरत नाही. सुधारित पत्र हाती येईपर्यंत जुन्या ठिकाणी काही कळवू नये.